सरकवलेली तूरडाळ परत कुठे बसते?

किराणा मालाची यादी मोबाइलवर ठेवणाऱ्याच्या तिच्याकडून तीनच अपेक्षा असतात. दुकानात वस्तू ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने यादी वरखाली करता यावी. पिशवीत पडलेली वस्तू अंगठ्याने बाजूला सरकवली की ती यादीतून निघून जावी. आणि घाईत भलतीच ओळ सरकवली गेली, तर ‘पूर्ववत करा’ म्हटल्यावर ती होती तिथे परत यावी. यातले प्रत्येक काम एकेकटे करणारी अॅप्स पुष्कळ आहेत. अडचण येते ती तिन्ही एकाच यादीत एकत्र आल्यावर. ओढून लावलेला क्रम, सरकवून काढलेली ओळ आणि परत आणलेली ओळ यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, आणि वापरणाऱ्याला ‘यादी आपोआप हलते’ असे वाटू लागते. तो मेळ कसा बसवायचा, ते अँड्रॉइडवरच्या एका साध्या किराणा यादीच्या आधाराने पाहू.

अँड्रॉइडमध्ये लांब याद्या दाखवायला `RecyclerView` नावाची सोय वापरतात. पडद्यावर मावतात तेवढ्याच ओळी ती तयार ठेवते. यादी सरकली की वरून बाहेर गेलेली ओळ पुसून, तिच्यात नवा मजकूर भरून तीच खालून आत आणते. पाचशे वस्तूंच्या यादीलाही त्यामुळे पंधरा-वीस ओळी पुरतात. ओढणे आणि सरकवणे हे हावभाव ओळखण्यासाठी गूगलने 2015 मध्ये तिच्या जोडीला `ItemTouchHelper` दिला. त्याआधी बोटाची प्रत्येक हालचाल मोजण्याचे काम ज्याचे त्याला स्वतः लिहावे लागत असे.

फोनला ‘ओढणे’ किंवा ‘सरकवणे’ असे काही दिसत नाही. त्याला कळते ते इतकेच, की बोट इथे टेकले, इतके हलले, इथे उचलले. त्यावरून हेतू ओळखायचा असतो. बोट एका जागी साधारण अर्धा सेकंद दाबून धरले, तर ओळ उचलायची आहे असे धरतात. बोट आडवे गेले तर सरकवायचे आहे, उभे गेले तर नुसती यादी पुढे न्यायची आहे. सरकवताना ओळ आपल्या रुंदीच्या निम्म्याहून पुढे गेली की ती काढली असे मानतात. तेवढी गेली नसेल पण झटक्याने भिरकावली असेल, तरीही मानतात. निम्म्याच्या आत बोट उचलले तर ओळ आपल्या जागी परत येते. ही निम्म्याची मर्यादा बदलता येते, पण ती कमी करण्याच्या मोहात पडू नये. बसमध्ये उभे राहून यादी पाहणाऱ्याचा अंगठा थोडा तिरका जातोच, आणि मर्यादा फार कमी असेल तर यादी खाली नेता नेता ओळी गळू लागतात.

दाबून धरल्यावर ओळ उचलली जाते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला दोन आडव्या रेघांची किंवा सहा ठिपक्यांची खूण द्यावी आणि तिला बोट लागताच ओळ उचलली जावी, हे मला जास्त पटते. त्यासाठी `startDrag` हे तयार कार्य आहे. खूण दिसायला लहान असली तरी तिचा स्पर्शाला प्रतिसाद देणारा भाग निदान 48 डीपी, म्हणजे साधारण बोटाच्या पेराएवढा असावा.

आता ओळ उचलली आणि दुसऱ्या ओळीवर आणली. या क्षणी `ItemTouchHelper` आपल्याला `onMove` मधून विचारतो, की ही ओळ त्या ओळीच्या जागी येऊ पाहते आहे, पुढे काय? इथे दोन गोष्टी कराव्या लागतात. आपल्याजवळच्या मूळ यादीत वस्तू हलवायची आणि पडद्याला तसे कळवायचे. पडद्यावरची ओळ म्हणजे यादी नव्हे, ती यादीचे दर्शन आहे, आणि दोन्हीकडे तंतोतंत सारखाच बदल झाला पाहिजे. सर्वांत जास्त आढळणारी चूक इथलीच आहे. अनेक जण मूळ यादीत दोन वस्तूंची अदलाबदल करतात (`Collections.swap`) आणि पडद्याला ‘ही ओळ हलली’ असे कळवतात (`notifyItemMoved`). बोट सावकाश चालले असेल तर शेजारच्या दोन ओळींची अदलाबदल आणि एक ओळ एक घर हलणे यांचा परिणाम सारखाच असतो, त्यामुळे तपासताना काही बिघडलेले दिसत नाही. पण बोट वेगाने गेले तर ओळ मधली दोन-तीन घरे ओलांडून थेट पुढच्या ओळीवर पोचते. तेव्हा पडद्यावर मधल्या ओळी एकेक घर सरकतात, आणि मूळ यादीत मात्र फक्त दोन टोके बदलतात.

समजा यादी तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे अशी आहे आणि तांदूळ झर्रकन शेंगदाण्यांच्या जागी नेले. पडद्यावर तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, तांदूळ असे दिसेल. मूळ यादीत मात्र शेंगदाणे, तूरडाळ, गूळ, तांदूळ असे होईल. वापरणाऱ्याला ते लगेच कळत नाही. तो यादी बरीच खाली नेऊन परत वर येतो, ओळी नव्याने भरल्या जातात, आणि त्याने न लावलेला क्रम समोर येतो. अशी तक्रार आली की आधी या ओळींकडे पाहावे. अदलाबदल न करता वस्तू काढून नव्या जागी घालणे हा यावरचा इलाज आहे:

```kotlin
val from = viewHolder.bindingAdapterPosition
val to = target.bindingAdapterPosition
items.add(to, items.removeAt(from))
adapter.notifyItemMoved(from, to)
```

हा बदल फोनच्या स्मृतीतला आहे. अॅप बंद झाल्यावरही क्रम टिकायला हवा, तर तो डेटाबेसमध्ये लिहावा लागतो. तो केव्हा लिहायचा हे महत्त्वाचे आहे. ओळ एकेक घर पुढे जाताना प्रत्येक वेळी लिहिले, तर डेटाबेस ‘यादी बदलली’ असे कळवतो, नवी यादी पडद्यावर येते आणि बोटाखालची ओळ मध्येच निसटते. म्हणून बोट उचलल्यावर, ओळ आपल्या जागी बसली की `clearView` या टप्प्यावर एकदाच लिहावे.

आणि लिहायचे काय? सरळ विचार केला तर प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक द्यावा: 1, 2, 3, 4, 5. पण शेवटची वस्तू पहिल्या जागी नेली की बाकी साऱ्यांचे अनुक्रमांक बदलतात. पाच वस्तूंना त्याचे काही नाही. पण यादी घरातल्या दोघांच्या फोनवर एकत्र चालत असेल, तर एका ओढण्यासाठी सगळ्या ओळी इकडून तिकडे पाठवाव्या लागतात, आणि दोघांनी एकाच वेळी काही हलवले तर कोणाचा आकडा खरा हा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी आकड्यांमध्ये ऐसपैस जागा सोडतात. तांदूळ 1000, तूरडाळ 2000, गूळ 3000, शेंगदाणे 4000, साबुदाणा 5000. याला आपण क्रमांक न म्हणता क्रमकिल्ली म्हणू, कारण ‘कितवी वस्तू’ हे तो आकडा सांगत नाही. कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर एवढेच सांगतो. साबुदाणा तांदूळ आणि तूरडाळ यांच्यामध्ये आणायचा असेल तर त्याची किल्ली 1500 करायची. डेटाबेसमध्ये फक्त एक ओळ बदलली, बाकी चारांना धक्काही लागला नाही.

ही मोकळी जागा अमर्याद नसते. तांदळाच्या लगेच खाली प्रत्येक वेळी नवी वस्तू घालत गेलो तर किल्ल्या 1500, 1250, 1125, 1062, 1031 अशा उतरत 1001 पर्यंत पोचतात. नऊ वस्तू बसतात, दहावीला पूर्णांक उरत नाही. दोन शेजाऱ्यांमधला फरक दोनपेक्षा कमी झाला की साऱ्या यादीला पुन्हा हजार-हजारांच्या अंतराने नव्या किल्ल्या द्याव्या लागतात. हे काम क्वचितच पडते, म्हणून चालून जाते. मात्र ते एकाच व्यवहारात व्हावे, म्हणजे अर्धी यादी जुन्या किल्ल्यांची आणि अर्धी नव्यांची असे मध्येच अडकणार नाही.

आता सरकवून काढण्याकडे येऊ. वस्तू काढण्याआधी ‘नक्की काढायची का?’ असे विचारण्याची जुनी पद्धत आहे. आझा रास्किन यांनी 2007 मध्ये एका लेखात तिच्याविरुद्ध नेमका मुद्दा मांडला होता. रोज तोच प्रश्न विचारला की माणसाचा हात न वाचताच ‘हो’ दाबायला शिकतो, आणि ज्या दिवशी चूक होते त्या दिवशीही हात तेच करतो. म्हणून आधी विचारण्यापेक्षा काम लगेच करावे आणि ते परत फिरवण्याची वाट मोकळी ठेवावी. किराणा यादीत हे फार लागू पडते, कारण तिथे काढणे हेच मुख्य काम आहे. एका फेरीत तीस वेळा ‘नक्की का?’ कोणी सहन करणार नाही.

ओळ निम्म्याहून पुढे गेली आणि बोट उचलले की `onSwiped` ची हाक येते. ओळ आता पडद्याबाहेर गेलेली असते, पण यादीतून ती आपण काढेपर्यंत गेलेली नसते. इथे काहीच केले नाही तर यादीत एका ओळीएवढी कोरी पट्टी उरते. ती दिसली की समजावे, सरकवणे पोचले पण काढणे राहिले. काही कारणाने वस्तू काढायचीच नसेल, तरी ‘ही ओळ पुन्हा काढ’ असे पडद्याला `notifyItemChanged` ने सांगावे लागते, तेव्हा ती परत दिसते.

काढणे नेमके कसे करावे, यात तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे डेटाबेसमधून वस्तू तिथल्या तिथे पुसायची, तिची एक प्रत हाताशी ठेवायची आणि ‘पूर्ववत करा’ म्हटले की ती पुन्हा घालायची. ही सोपी आहे, पण अॅप त्याच क्षणी बंद पडले तर प्रतही गेली. शिवाय पुन्हा घातलेली वस्तू ही नवी वस्तू असते; तिचा जुना ओळखक्रमांक, तिला जोडलेला फोटो किंवा नोंद यांचे दुवे तुटू शकतात. दुसरी वाट उलटी आहे. वस्तू फक्त पडद्यावरून लपवायची, खालचा संदेश निघून जाईपर्यंत थांबायचे आणि मग डेटाबेसमधून पुसायची. यात उलट अडचण येते. संदेश दिसत असताना फोनने अॅप बंद केले तर पुसायचे राहूनच जाते, आणि दुसऱ्या दिवशी काढलेली वस्तू यादीत हजर असते. दुसऱ्या फोनवर तर ती तोवर गेलेलीच नसते.

तिसरी वाट मला सर्वांत भरवशाची वाटते. वस्तू पुसायचीच नाही. तिच्या ओळीत `deleted_at` असा एक रकाना ठेवायचा आणि सरकवल्यावर त्यात वेळ लिहायची. यादी दाखवताना हा रकाना रिकामा असलेल्या वस्तूच घ्यायच्या, किल्लीच्या क्रमाने. मग पूर्ववत करणे म्हणजे ती वेळ पुसणे, बस्स:

```sql
UPDATE items SET deleted_at = NULL WHERE id = 2;
```

या एका ओळीत ‘कुठे ठेवायची’ हा प्रश्नच नाही, कारण वस्तूची क्रमकिल्ली तिच्याजवळच राहिली आहे. ओढण्यासाठी केलेली किल्लीची सोय इथे सरकवण्याच्या कामी येते.

याचा उपयोग पाहायला आपली यादी पुढे चालवू. साबुदाणा वर नेल्यावर क्रम असा आहे: तांदूळ 1000, साबुदाणा 1500, तूरडाळ 2000, गूळ 3000, शेंगदाणे 4000. आता तूरडाळ चुकून सरकवली गेली. खाली संदेश आला, पण तिकडे लक्ष जाण्याआधी शेंगदाणे सर्वांत वर ओढले; त्यांची किल्ली 500 झाली. मग संदेश दिसला आणि ‘पूर्ववत करा’ दाबले. अॅपने ‘तूरडाळ तिसरी होती’ एवढेच लक्षात ठेवले असेल, तर ती तिसऱ्या जागी जाईल: शेंगदाणे, तांदूळ, तूरडाळ, साबुदाणा, गूळ. साबुदाणा तूरडाळीच्या आधी हवा म्हणून मुद्दाम वर आणला होता, तो आता तिच्या खाली गेला. किल्लीने परत आणली तर ती 1500 आणि 3000 यांच्यामध्ये, म्हणजे साबुदाण्याखाली आणि गुळाच्या वर बसते. तिचे दोन्ही शेजारी तेच राहिले. जागेचा आकडा लक्षात ठेवणारे अॅप याहून वाईट रीतीनेही फसते. वस्तू शेवटची, पाचवी होती, आणि दरम्यान घरातल्या दुसऱ्या फोनवरून आणखी दोन वस्तू निघाल्या, तर पाचवी जागाच उरत नाही आणि अॅप कोसळते.

किल्लीच्या पद्धतीत एक बारीक फट मात्र आहे, आणि ती अगदी स्वाभाविक वापरात सापडते. पहिल्याच यादीत, म्हणजे तांदूळ 1000, तूरडाळ 2000, गूळ 3000 असताना तूरडाळ काढली आणि साबुदाणा तांदूळ व गूळ यांच्यामध्ये आणला, तर मधली किल्ली निघते 2000. ती लपलेल्या तूरडाळीचीही आहे. तूरडाळ परत आली की दोन वस्तूंची किल्ली एकच. अशा वेळी डेटाबेस दोघींना कोणत्याही क्रमाने देऊ शकतो आणि यादी उघडताना त्यांची जागा आलटून पालटून दिसू शकते. म्हणून क्रम लावताना किल्लीनंतर ओळखक्रमांकही सांगावा: `ORDER BY sort_key, id`. त्या दोघींच्या मध्ये तिसरी वस्तू आणायची वेळ आली की जागा उरलेली नसते, तेव्हा साऱ्या यादीला नव्या किल्ल्या द्यायच्या. नव्या किल्ल्या देताना लपलेल्या वस्तूंनाही धरावे. फक्त दिसणाऱ्या ओळींना नवे आकडे दिले, तर परत आलेली वस्तू आपल्या जुन्या आकड्यानिशी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते.

पडद्याच्या तळाशी येणारा ‘पूर्ववत करा’चा संदेश अँड्रॉइडमध्ये `Snackbar` या नावाने मिळतो, आणि तोही 2015 मध्येच आला. त्याचा ‘लांब’ म्हणवला जाणारा वेळ (`LENGTH_LONG`) 2750 मिलिसेकंदांचा, म्हणजे पावणेतीन सेकंदांचा आहे. एका हातात टोपली असलेल्या माणसाला ‘काय गेले’ हे वाचून, ठरवून, बटण गाठायला तो अपुरा पडतो. वेळ मिलिसेकंदांत स्वतः ठरवता येतो. मी सहा-सात सेकंद ठेवावेत असे म्हणेन, आणि संदेशात ‘वस्तू काढली’ असे न लिहिता ‘तूरडाळ काढली’ असे वस्तूचे नाव द्यावे. परत आणलेली वस्तू यादीच्या अगदी वरची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. `RecyclerView` दिसणाऱ्या ओळी आहेत तिथेच धरून ठेवतो, त्यामुळे पहिल्या जागी आलेली वस्तू पडद्याच्या वर, नजरेबाहेर राहते आणि बटण चाललेच नाही असे वाटते. यादी थोडी वर सरकवून ती दाखवून द्यावी.

संदेश कितीही वेळ ठेवला तरी तो क्षणभंगुरच आहे. एका वेळी एकच संदेश दिसतो. दुसरी वस्तू सरकवली की पहिलीचा संदेश निघून जातो. फोन आडवा केला आणि अॅपचा पडदा नव्याने बांधला गेला, की संदेश परत येत नाही. `deleted_at` ठेवलेला असेल तर यातल्या कशानेही वस्तू गमावत नाही. ‘नुकतेच काढलेले’ अशी एक वेगळी यादी देता येते आणि तिथून संध्याकाळीही तूरडाळ परत आणता येते. खरोखर पुसण्याचे काम संदेशाशी बांधूच नये. अॅप सुरू होताना, ठरवलेल्या मुदतीपेक्षा जुन्या वेळा असलेल्या वस्तू आणि त्यांचे फोटो पुसावेत. तपासायचे असेल तर सोपे आहे. वस्तू सरकवावी, संदेश दिसत असतानाच अॅप पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडावे. वस्तू मुख्य यादीत नसावी आणि ‘नुकतेच काढलेले’ मध्ये असावी.

हे सारे बोट नीट ओढता येणाऱ्यांसाठी झाले. ज्यांचा हात थरथरतो, किंवा जे न पाहता टॉकबॅकने ऐकत फोन वापरतात, त्यांना ओळ धरून नेणे अवघड किंवा अशक्य असते. टॉकबॅक सुरू असताना आडवे सरकवणे म्हणजे पुढच्या गोष्टीवर जाणे असते, त्यामुळे आपले सरकवून काढणे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या नियमांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. तिच्यातला 2.5.7 हा नियम सांगतो, की ओढून होणारे काम न ओढता, नुसत्या टिचकीनेही करता आले पाहिजे. अँड्रॉइडच्या अॅपमध्ये प्रत्येक ओळीला `ViewCompat.addAccessibilityAction` ने ‘वर हलवा’, ‘खाली हलवा’ आणि ‘काढा’ अशा क्रिया जोडता येतात. टॉकबॅक त्या नावाने वाचून दाखवतो. हात थरथरणाऱ्यांसाठी ओळीतल्या छोट्या मेनूतही त्याच तीन क्रिया असाव्यात. ‘वर हलवा’ने वरच्या दोन ओळींच्या मधली किल्ली काढायची, ‘काढा’ने वेळ लिहायची. म्हणजे आत चालणारे काम तेच राहते, फक्त ते सुरू करण्याची पद्धत बदलते. टॉकबॅक चालू असेल आणि संदेशात बटण असेल, तर `Snackbar` आपणहून वेळेची मर्यादा सैल करू शकतो. पण असा संदेश स्वतः बनवला असेल तर ही सोयही स्वतःच लिहावी लागते.